माजघराचे दोन कर्ण

माजघराचा एक कर्ण भरला ५ मीटर ४५ सेंटीमीटर. दुसरा भरला ५ मीटर ७४. आपण टेप चुकीचा वाचला असे समजून तिने दोन्ही मापे पुन्हा घेतली, तरी आकडे तेच. शाळेतल्या भूमितीत आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात, आणि पुण्यातल्या ज्या फ्लॅट्सचे काम ती गेली काही वर्षे करते आहे, तिथेही ते सेंटीमीटरभराच्या फरकाने सारखेच निघतात. इथे फरक होता तब्बल २९ सेंटीमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एका फुटाचा. आजी या माजघरात साठ वर्षे वावरली. खोली चौकोनी नाही हे तिला कधी जाणवले नव्हते, आणि जाणवायचे काही कारणही नव्हते.

वाडा वाईतल्या एका आळीतला आहे. दिंडीतून आत आले की देवडी, मग छोटा चौक, चौकाच्या पलीकडे पाच खणांची ओसरी, ओसरीमागे माजघर आणि कोठीची खोली, त्यांच्या मागे दोन्हींना पुरेल एवढे लांब स्वयंपाकघर, आणि शेवटी परस. वर माडी. नाना फडणविसांचा मेणवलीचा वाडा इथून जवळच आहे, पण त्या वाड्याशी याची तुलना नको. हे मध्यम ऐपतीच्या घराण्याचे घर आहे. गावोगावी अशी घरे अजून उभी आहेत आणि त्यांतली बरीचशी पुढच्या काही वर्षांत एक तर दुरुस्त होतील, नाहीतर पडतील.

घरच्यांनी नातीवर काम सोपवले तेव्हा मागण्या साध्या होत्या. आजीला जिना न चढता सगळे करता यावे, माडीवर एक न्हाणीघर व्हावे, आणि माजघर व कोठी यांमधली भिंत काढून मोठे, उजेडाचे स्वयंपाकघर आणि जेवणघर व्हावे. तिने पुण्यात बसूनच एक आराखडा काढला होता. त्याला आधार होता एका सुट्टीत मोबाइलवर काढलेल्या फोटोंचा आणि अंदाजे धरलेल्या मापांचा. मे महिन्यात लेझरचे यंत्र, दोन टेप आणि कोऱ्या कागदांची वही घेऊन ती वाईला आली, ती दोन दिवसांत मापे उरकून परत जायच्या बेताने. दोनाचे नऊ दिवस झाले.

पहिल्या सकाळी तिने काहीच मोजले नाही, आणि ते बरोबरच होते. घरभर हिंडून तिने प्रत्येक खोलीसाठी एक पान याप्रमाणे हाताने कच्चे नकाशे काढले. या चित्रांना प्रमाण नसते. भिंती, दारे, खिडक्या, कोनाडे, खांब, उंबरठे, पायऱ्या एवढे आले की झाले. माप घेताना आकडा लिहायला जागा हवी, म्हणून चित्र मोठे काढायचे. एका पानावर दोन खोल्या कोंबल्या की संध्याकाळी कोणता आकडा कोणाचा हे कळेनासे होते. पानांवर तिने सवयीप्रमाणे खोली १, खोली २ असे आकडे घातले.

पहिला धडा मिळाला ओसरीतच. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि जुने घर किती मोठे हे खणांतच सांगितले जाई. खण हे गजासारखे ठरलेले माप मात्र नाही. या ओसरीतला सर्वांत आखूड खण १ मीटर ६२ सेंटीमीटरांचा आणि सर्वांत लांब १ मीटर ६९ चा निघाला. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातला साग, चिंचवडचा दगड आणि जेजुरीचा चुना आणल्याचे सांगतात. पेशव्यांना ते परवडत होते. साध्या घराचा धनी मिळेल ते लाकूड घेई, आणि तुळईची लांबी जशी मिळेल तसा खण पडे. त्यामुळे एक खण मोजून त्याला पाचाने गुणायचा मोह इथे आवरावा लागतो.

आता माजघराकडे. चार भिंती भरल्या त्या अशा: ओसरीकडची ४ मीटर ६२, मागची ४ मीटर ५५, डावीकडची ३ मीटर २४ आणि उजवीकडची ३ मीटर १८. समोरासमोरच्या भिंतींत फरक सहा-सात सेंटीमीटरांचाच आहे. कोणीही म्हणेल की गिलावा कमीजास्त असेल, ४ मीटर ६० बाय ३ मीटर २० धरून चला. तसा आयत काढला तर त्याचा कर्ण ५ मीटर ६० येतो. प्रत्यक्षातला एक कर्ण त्याहून १५ सेंटीमीटर आखूड आणि दुसरा १४ सेंटीमीटर लांब. म्हणजे खोली लहानमोठी नाही, ती कलंडलेली आहे. पत्त्यांचा जुडगा बाजूने ढकलावा तशी तिची मागची बाजू डावीकडे सरकली आहे.

फक्त चार भिंतींच्या लांबीवरून हे कधीच कळत नाही. चार काड्या टोकांना सैल बांधल्या तर त्यांचे हवे तसे तिरके चौकोन होतात, लांबी मात्र तीच राहते. पाचवी काडी तिरपी बांधली की आकार पक्का होतो, कारण चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण हलत नाही. कर्ण घ्यायचा तो यासाठी. दुसरा कर्ण पडताळ्याला असतो: पहिल्या पाच मापांवरून आकृती काढायची आणि सहावे माप कागदावर जुळते का ते बघायचे. तिने १ ला ५० या प्रमाणात, म्हणजे १ मीटरला २ सेंटीमीटर धरून, कंपासने आकृती काढली. सहावे माप जुळले. उजवा पुढचा कोपरा काटकोनापेक्षा सुमारे साडेतीन अंशांनी लहान आणि डावा दोन अंशांनी मोठा निघाला.

दोन-तीन अंश म्हणजे काय, हे सुताराला विचारावे. ओसरीकडच्या भिंतीला लागून ६० सेंटीमीटर खोलीचे कपाट करायचे आहे असे समजू. भिंत ४ मीटर ६२ म्हणून कारखान्यातून बरोबर तेवढेच कपाट आले, तर ते बसणारच नाही. उजव्या कोपऱ्यात बाजूची भिंत पुढे येत येत ६० सेंटीमीटरांवर साडेतीन सेंटीमीटर आत आलेली असते. डावीकडे त्याच वेळी दोन सेंटीमीटरांची फट उघडते. मग एक बाजू तासायची आणि दुसरीकडे पट्टी मारायची. महागड्या कामाला पहिल्या दिवशीच ठिगळ लागते.

लेझरचे यंत्र हाताशी असून ती टेपकडे वळली, त्याला कारणे होती. मोकळ्या खोलीत लेझर दोन मिलिमीटरांच्या आत बरोबर सांगतो. पण चौकात दुपारच्या उन्हात लाल ठिपका दिसेना. ओसरीत तो समोरच्या भिंतीवर पडण्याऐवजी मधल्या खांबाच्या नक्षीवर पडला आणि यंत्राने इमानाने खांबापर्यंतचे अंतर दाखवले. यंत्र आपल्या मागच्या कडेपासून मोजते, हेही लक्षात ठेवावे लागते. ते कोनाड्यात टेकवले की कोनाड्याची खोली मापात घुसते. शेवटी उंचीसाठी लेझर आणि बाकी सगळ्याला टेप असे ठरले.

टेपला दुसरे माणूस लागते. ते काम आजीने घेतले. दुपारची वामकुक्षी सोडून ती पाटावर बसे आणि टेपचे टोक कोपऱ्यात दाबून धरी.

“शून्यावर धरलंयस ना, आजी?”

“अगं, धरलंय. तू तुझं वाच.”

मातीचा गिलावा ठिसूळ. टेपच्या टोकाचा आकडा तिथे टिकत नाही, सटकतो. अशा वेळी टेप शून्यावर न धरता १० सेंटीमीटरांच्या खुणेवर धरतात आणि नंतर १० वजा करतात. कोठीच्या खोलीत आजीने तसे धरले, नातीने वाचले, आणि वजा करायचे राहून गेले. चूक त्याच संध्याकाळी सापडली, ती एका जुन्या सवयीमुळे. भिंतीवरची दारे, कोनाडे, खुंट्या यांची मापे ती तुकड्यातुकड्याने घेत नव्हती. एका कोपऱ्यात शून्य ठेवून त्याच टेपवर दाराची कड ८४, दुसरी कड १९२, कोनाडा २६०, अशी चालती मापे ती लिहीत होती. नऊ तुकडे वेगवेगळे मोजले तर प्रत्येकातली पाच मिलिमीटरांची चूक साठून शेवटी चार-पाच सेंटीमीटर होते. चालत्या मापांत ती साठत नाही. कोठीच्या एका भिंतीची चालती मापे आणि समोरच्या भिंतीची एकूण लांबी यांत नेमका १० चा फरक दिसला, तेव्हा काय झाले ते लगेच उमगले.

भिंतीची जाडी दारात कळते. चौकटीच्या आतल्या बाजूला टेप लावला की झाले. ओसरी आणि माजघर यांमधली भिंत ६६ सेंटीमीटरांची निघाली, आतल्या भिंती ४६ च्या. खाली दगड, वर पांढऱ्या मातीचे भेंडे, अशी या भिंतींची रचना. दिंडीच्या दारात मात्र आणखी एक गोष्ट मोजावी लागली. जुन्या दाराला आतून अडसर असतो. हा लाकडी दांडा दार उघडे असताना बाजूच्या भिंतीतल्या खोबणीत सरकवून ठेवतात. दांडा दारापेक्षा लांब, म्हणजे खोबणही तेवढीच खोल. तिने बारीक काठी आत सरकवून पाहिली: १ मीटर ४८. पुण्यात काढलेल्या आराखड्यात विजेच्या मुख्य पेटीची जागा नेमकी त्याच भिंतीवर, दारापासून हातभर अंतरावर होती. वायरमनने तिथे छिन्नी लावली असती तर ती अडसराच्या खोबणीत घुसली असती. घरच्यांनी तो अडसर अजून रोज रात्री लावायचा असतो, आणि आजी तो लावल्याशिवाय झोपत नाही.

ज्या भिंतीत दारच नाही तिची जाडी वजाबाकीने काढावी लागते. माजघर आणि कोठी शेजारी-शेजारी आहेत, पण एकातून दुसरीत जायला वाट नाही. दोन्हींच्या मागे स्वयंपाकघर आहे आणि त्याची आतली लांबी ८ मीटर २६. माजघराची मागची भिंत ४ मीटर ५५, कोठीची २ मीटर ५२. दोन्ही टोकांच्या भिंती सलग चालत आलेल्या. मग ८ मीटर २६ मधून ७ मीटर ७ वजा केले की मधल्या भिंतीची जाडी उरते. उरले १ मीटर १९.

घरातली सर्वांत जाड बाहेरची भिंतसुद्धा ६६ सेंटीमीटरांची आहे. आतली एक भिंत जवळजवळ सव्वा मीटर कशी असेल? तिने कर्ण पुन्हा तपासले, माजघराचा तिरकेपणा हिशेबात घेतला, टेपही बदलला. उत्तर हलेना. भिंतीवर मूठ आपटून पाहिली. खांद्याच्या उंचीवर ठोकले की आवाज भरीव, उजवीकडे सरकत गेले की मधेच पोकळ. आणि नव्या आराखड्यात काढून टाकायची भिंत हीच.

रात्री जेवताना तिने हा हिशेब आजीला सांगितला.

“तिथं बळद आहे,” आजी म्हणाली. “वरून माडीतनं धान्य ओतायचं आणि कोठीत खालनं काढायचं. मी आले तेव्हा भरलेलं असायचं. पुढं घुशी लागल्या, मग सासूबाईंनी खालचं तोंड लिंपून घेतलं.”

बळद म्हणजे भिंतीच्या पोटातली धान्याची कोठी. दुसऱ्या दिवशी माडीवरचे एक ट्रंक सरकवल्यावर त्याखालची सुटी फळी दिसली. फळी उचलून तिने आत टॉर्च मारला. आतून मातीने लिंपलेली अरुंद, खोल पोकळी होती. तळाशी भुशाचा थर आणि गिलाव्याची ढेकळे. टेपला वजन बांधून सोडला: आतली रुंदी ४० सेंटीमीटर, लांबी दीड मीटर, उंची साधारण २ मीटर ४०. म्हणजे जवळजवळ दीड घनमीटर जागा. ज्वारी-गव्हाचे वजन घनमीटरला ७५० किलोंच्या आसपास भरते, तेव्हा या भिंतीत दहा-अकरा क्विंटल धान्य मावत असे. आजीच्या सांगण्यात बसणारे हे माप आहे: घरात तेव्हा चौदा माणसे जेवत.

आता त्या भिंतीला दोन्ही बाजूंनी चाळीसेक सेंटीमीटरांच्या दोनच पाती उरतात आणि मध्ये पोकळी. गवंडी आराखडा बघून थेट फोडायला लागला असता तर एक पाते पडताच दुसरे बेवारशी उभे राहिले असते, आणि पोकळीवर टेकलेल्या माडीच्या कड्या अधांतरी आल्या असत्या. वाड्यात मुख्य भार खांब आणि तुळया वाहतात, भिंती बऱ्याचदा नुसते आवरण असतात, हे खरे. पण “बऱ्याचदा” या शब्दावर भिंत पाडता येत नाही. कोणती कडी कुठे टेकली आहे हे वरची एखादी फळी काढून प्रत्यक्ष पाहावे लागते. तिने पाहिले. तीन कड्या याच भिंतीवर होत्या.

सहाव्या दिवशी आडवी मापे संपून उभी सुरू झाली, आणि कामातला सर्वांत महत्त्वाचा शोध तिथे लागला. जुन्या घरात जमीन सपाट आहे असे धरून उंची मोजता येत नाही. जमीन उतरती असेल, छत झुकलेले असेल, दोन्हींमधले अंतर मात्र सगळीकडे सारखेच भरेल. म्हणून घरभर फिरणारी एक खरीखुरी आडवी रेघ आखून घ्यायची आणि तिच्यापासून वर नि खाली मोजायचे. ही रेघ गवंड्यांच्या जुन्या पद्धतीने आखता येते. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, त्यात बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन माणसांनी दोन टोके धरायची. दोन्हीकडचे पाणी थांबले की ते एका पातळीत असते, मग मधे भिंत असो की चौक. एका खांबावर खडूने पहिली खूण केली आणि नळी खोल्याखोल्यांतून फिरवत तीच पातळी सगळीकडे नेली. या कामाला शेजारचा गवंडी आला होता. दुपारपर्यंत साऱ्या वाड्याला कमरेच्या वर पांढऱ्या खुणांचा पट्टा बसला.

ओसरीत चार मोकळे खांब आहेत. खुणेपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत मापे आली ती अशी: १४१.२, १३८.४, १४१.० आणि १४०.९ सेंटीमीटर. दुसऱ्या खांबाशी तुळई अडीच सेंटीमीटर खाली होती. मग खुणेपासून जमिनीपर्यंत मोजले, तर चारही ठिकाणी जमीन एकाच पातळीत.

या दोन आकड्यांतच निदान आहे. खांबाखालचा दगड खचला असता तर आजूबाजूच्या फरशीत खड्डा पडला असता, निदान तडा तरी दिसला असता. तुळईच मधे वाकली असती तर ती दोन खांबांच्या मध्यावर खाली आली असती, खांबाच्या डोक्यावर नाही. जमीन जागेवर, तुळई खाली, आणि तीही नेमकी खांबापाशी. म्हणजे खांब स्वतःच अडीच सेंटीमीटरांनी आखूड झाला आहे.

सुताराने पोती शिवायचे दाभण आणले. बाकीच्या तीन खांबांच्या पायाशी ते दोन-तीन मिलिमीटरही शिरेना. दुसऱ्या खांबात फरशीलगत ते चार सेंटीमीटर सहज गेले.

“ताई, वरून रंग आहे म्हणून दिसत नाही. आत भुसा झालाय,” तो म्हणाला.

सागाचा गाभा सहजी कुजत नाही. मग हा का कुजला? लाकडी खांब कधी थेट जमिनीवर उभा करत नाहीत, त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. तळखडा जमिनीच्या वर राहतो आणि ओल लाकडापर्यंत पोचत नाही. या ओसरीत एकही तळखडा दिसत नव्हता. खांबालगतची एक शहाबादी उचलली तेव्हा तो सापडला, फरशीच्या पृष्ठभागाखाली सात सेंटीमीटरांवर. सारवण्याचा त्रास वाचावा म्हणून कधीतरी जुन्या जमिनीवर सिमेंटचा थर टाकून फरशी बसवली होती, आणि त्यात तळखडे बुडाले. शेणामातीच्या जमिनीतून जमिनीची वाफ सगळीकडून बाहेर पडत असे. सिमेंटने ती वाट बंद केली. मग ओल जिथे सापडेल तिथून, म्हणजे भिंतींतून आणि लाकडांतून, वर चढते. दुसरा खांब चौकाच्या पन्हळीजवळ आहे, पावसाचे पाणी वर्षानुवर्षे त्याच्याच पायाशी मुरले. म्हणून तो आधी गेला. बाकीच्या तिघांचे पायही तसेच बुडालेले आहेत.

याची साक्ष माडीवर होती. त्या खांबाच्या वरच्याच खोलीचे दार अडकते. घरात सगळे म्हणत, पावसात लाकूड फुगते. पण आता मे महिना होता, लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे, आणि दार तरीही अडकत होते. चौकटीचे दोन कर्ण घेतले तर त्यांत १८ मिलिमीटरांचा फरक निघाला. दार फुगलेले नव्हते. चौकट कलली होती, कारण तिच्याखालची तुळई कलली होती.

माडीची मापे मग स्वतंत्र घ्यावी लागली. खालच्या नकाशावर ट्रेसिंग ठेवून माडी काढायची सवय फ्लॅटच्या कामात चालते. वाड्यात भिंती वर जाताना बारीक होतात. इथे खाली ६६ सेंटीमीटरांची बाहेरची भिंत वर ४८ ची आहे, त्यामुळे वरची खोली खालच्यापेक्षा मोठी भरते. डाव्या बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. तिची बाहेरची बाजू मोजायला शेजारच्या जिन्यातून जावे लागले आणि त्यासाठी आधी त्यांच्याकडे चहा घ्यावा लागला.

न्हाणीघराचा प्रश्नही माडीच्या जमिनीनेच सोडवला. कड्या, त्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर, अशी ती जमीन आहे. दोन मीटर बाय दीड मीटरच्या न्हाणीघरात नुसते १० सेंटीमीटर काँक्रीट घातले तरी सातशे किलो वजन होते. त्यावर फरशी, भिंती, पाण्याची टाकी. कड्या जाड करून वजन पेलताही येईल. गळणाऱ्या पाइपचे काय? वरची गळती मातीच्या थरात मुरते आणि खाली डाग दिसेपर्यंत पाटांची खालची बाजू गेलेली असते. नातीने माडीवरचे न्हाणीघर नकाशातून काढले आणि परसातल्या जुन्या न्हाणीच्या जागी नवे धरले. तिथली जमीन दगडी आहे, पाणी जायला वाट आहे, आणि आजीच्या खोलीपासून ती जागा अकरा पावलांवर आहे. घरातल्या तरुण मंडळींना हे आवडले नाही. माझ्या मते तिचा निर्णय योग्य आहे.

आठव्या दिवशी कामाचा क्रम बदलला. पहिल्या आराखड्यात सुरुवात स्वयंपाकघरापासून होती. आता पहिली तारीख ओसरीच्या दुसऱ्या खांबाची. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू, मग जॅकवर रोज थोडे थोडे करून ती उचलायची. एकदम उचलली तर माडीचा गिलावा आणि कौलांची मांडणी दोन्ही तडकतात. ती पुरती १४१ वर येईल असे सुतार म्हणत नाही. इतकी वर्षे कललेले घर तसेच स्थिरावलेले असते, दीड सेंटीमीटर परत मिळाले तरी पुरे. मग खांबाचा कुजलेला पाय कापून तिथे मुरलेल्या सागाचा तुकडा जोडायचा आणि तो तळखड्यावर उभा करायचा. चारही खांबांभोवतीची फरशी उचलायची, तळखडे उघडे करायचे. मृग लागायच्या आत निदान टेकू तरी लागलाच पाहिजे, नाहीतर पन्हळीचे पाणी पुन्हा तिथेच उतरेल.

माजघर आणि कोठी यांमधली भिंत राहणार. बळदाच्या जागेला हात लावायचा नाही. उजेडासाठी मागच्या भिंतीत, जिथे कोणतीच कडी टेकत नाही तिथे, खिडकी मोठी करायची.

नवव्या संध्याकाळी नातीने पक्का नकाशा माजघरातल्या पाटावर पसरला. आजी चष्मा लावून वाकली. खोल्यांवर अजून आकडेच होते, खोली १, खोली २. तिने बोट ठेवत ठेवत एकेक सांगायला सुरुवात केली आणि नात लिहीत गेली: देवडी, ओसरी, माजघर, कोठी, बाळंतिणीची खोली, परसदार. बोट मधल्या जाड भिंतीवर थांबले. तिथे लिहिले होते, “भिंत, १.१९.”

“हे खोड,” आजी म्हणाली. “बळद लिही.”

नातीने खोडून लिहिले. मग आजीचे बोट तिच्या स्वतःच्या खोलीतल्या एका कोपऱ्यावर गेले. तिथे दोन भिंतींच्या रेघा मिळत नव्हत्या, मधे कोरी जागा होती. त्या कोपऱ्यात आजीची लग्नातली पेटी आहे, भरलेली आणि जड, म्हणून तिथले माप राहिले होते.

“रिकामी करू उद्या,” आजी म्हणाली. “टेप ठेव इथंच.”